न ऐकलेला टाहो: चित्रपटांच्या नोंदवहीचा अनुभव

माझ्या पहिल्या नोंदवहीत 42 चित्रपट आहेत. प्रत्येकापुढे तारीख, दिग्दर्शकाचं नाव, पाचपैकी किती तारे आणि एखाद-दुसरी ओळ. “संथ, पण छान.” “छायाचित्रण अप्रतिम, शेवट पटला नाही.” “अभिनय उत्तम.” वर्षभरानं वही उघडली, तेव्हा यातली बहुतेक वाक्यं एका चित्रपटापुढून उचलून दुसऱ्यापुढे ठेवली असती तरी फरक पडला नसता. काही नावांसमोर तर मी हा चित्रपट पाहिला होता याचाच मला पत्ता नव्हता. मी निकाल लिहीत गेले होते. त्या दोन तासांत माझं काय झालं, ते कुठेच उतरलं नव्हतं.

चित्रपटाचं रसग्रहण शिकायला नुकती सुरुवात केलेल्यांसाठी हे लिहिते आहे, कारण नोंदवही ठेवा असं त्यांना सगळेच सांगतात, पण तिच्यात काय लिहायचं ते फारसं कुणी सांगत नाही.

दुसऱ्या वहीत मी तारे बंद केले आणि एक नियम घातला: चित्रपट संपल्यावर वीस मिनिटांच्या आत, कुणाशी बोलण्याआधी आणि एकही परीक्षण वाचण्याआधी लिहायचं. चांगलं परीक्षण वाचलं की त्यातले शब्द इतके चपखल बसतात की आपल्याला तेच वाटलं होतं अशी खात्री पटते. मग आपलं अर्धवट, अडखळणारं वाक्य परत सापडत नाही. परीक्षण नंतर जरूर वाचा, पण नोंद झाल्यावर.

लिहायचं काय, तर आधी एकच क्षण. आवडलेलाच असला पाहिजे असं नाही. शरीरानं दखल घेतलेला क्षण. श्वास अडकला, मान पुढे गेली, डोळे मिटून घ्यावेसे वाटले, हसू येता येता थांबलं. त्या वेळी पडद्यावर काय दिसत होतं आणि काय ऐकू येत होतं, हे दोन्ही लिहायचं. ऐकू आलेलं लिहायला सगळेच विसरतात, मीही विसरत असे. मग लक्ष कुठे सुटलं ते. “संथ” हा शब्द मी स्वतःला वापरू देत नाही. त्याऐवजी लिहिते: “बाजाराच्या प्रसंगात दोनदा घड्याळ पाहिलं.” कारण संथ चित्रपट असतो की त्या रात्री आपण दमलेले असतो, हे पुढे या एका ओळीवरून कळू शकतं. म्हणून शेवटी परिस्थितीही टिपायची: किती वाजता पाहिला, एकटीनं की कुणासोबत, मोठ्या पडद्यावर की फोनवर, मूळ भाषेत की डब केलेला.

याशिवाय मधल्या भागातली एक गोष्ट मी मुद्दाम लिहिते. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सुखद आणि त्रासदायक अशा छोट्या चित्रफिती दाखवल्या होत्या. नंतर लोकांनी त्यांचं जे मूल्यमापन केलं, त्यात फीत किती लांब होती याला फारसं वजन नव्हतं. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांवर ते बरंचसं ठरत होतं. त्या फिती छोट्या होत्या, त्यामुळे तो निष्कर्ष पूर्ण लांबीच्या चित्रपटाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण माझ्या पहिल्या वहीत शेवटाबद्दलची वाक्यं खच्चून भरलेली आहेत आणि मधला तास जवळपास गायब आहे, हे मात्र खरं.

शब्दांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझी नोंद खऱ्या अर्थानं बदलली ती इथे. “वाईट वाटलं” किंवा “भावुक झाले” यांतून काहीच कळत नाही. आपल्या भाषेत दुःखाच्या आसपासचे किती तरी बारीक शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. काहीतरी दूर जातंय, किंवा काय येणार ते कळत नाही, तेव्हा हुरहूर. करता येण्यासारखं होतं आणि कुणी केलं नाही, ते मनातून जात नाही, ती रुखरुख. दुसऱ्याचे हाल बघून पोटात होते ती कालवाकालव. मी प्रत्येक नोंदीत यांतला एक शब्द निवडायचा असं ठरवलं, आणि दोन शब्दांमध्ये अडले की तो प्रसंग मनात पुन्हा चालवून बघायची. त्या अडण्यातच सगळ्यात जास्त उलगडत असे. कुठलाच शब्द बसला नाही, तर तसं लिहून जागा कोरी ठेवायची.

आता ज्या एका नोंदीमुळे मला या वहीची किंमत कळली, ती सांगते. सत्यजित राय यांचा 1955 चा ‘पथेर पांचाली’. पुढचा मजकूर चित्रपटाच्या शेवटाजवळचा आहे. पाहिला नसेल तर आधी पाहून या.

घरातली मुलगी, दुर्गा, वारलेली आहे. बरेच दिवस बाहेर असलेला बाप, हरिहर, घरी परततो. त्याला काहीच माहीत नाही. आणलेल्या वस्तू तो उत्साहानं एकेक करून बायकोला, सर्वजयाला दाखवतो आणि शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी तिच्या हातात देतो. सर्वजया ती तोंडाशी धरते आणि कोसळते. त्या रात्री मी लिहिलं होतं: “साडी. तिचा टाहो कानातून जात नाहीये. पोटात कालवाकालव. मला तिच्याकडे बघवेना, मी हरिहरच्या हाताकडे बघत राहिले.”

अकरा महिन्यांनी तोच चित्रपट पुन्हा पाहिला. तिथे टाहो नाही. सर्वजयाचं तोंड उघडतं, पण तिचा आवाज येतच नाही. त्या जागी तारशहनाई या गजानं वाजवायच्या तंतुवाद्याचा उंच, चिरत जाणारा स्वर आहे. संगीत रविशंकर यांचं. मी जो आवाज कानात घेऊन घरी गेले होते, तो चित्रपटात नव्हताच, तो मी माझ्यापाशी तयार केला होता. वहीत नोंद नसती, तर दुसऱ्यांदा पाहताना मी “वा, तारशहनाई!” म्हणून पुढे गेले असते आणि पहिल्यांदा मला काय ऐकू आलं होतं ते कधीच समजलं नसतं. नोंद तथ्यात चुकली होती, आणि म्हणूनच मोलाची ठरली. तेव्हापासून मी जुनी नोंद कधी दुरुस्त करत नाही. वेगळ्या शाईनं, नवी तारीख घालून, खाली लिहिते.

आवडीचा शोध मी घेतला तो 48 नोंदी झाल्यावर. दहा-बारा नोंदींवरून काही ठरवू नये. तेवढ्यात एखाद्या महिन्यातली मनःस्थितीच आवड वाटू लागते. एका दुपारी मी सगळ्या नोंदी सलग वाचल्या, प्रत्येकातल्या क्षणाखाली रेघ मारली, आणि ज्या क्षणाबद्दल चार ओळींहून जास्त लिहिलं होतं ते बाजूला काढले. असे 17 निघाले. मला विचारलं असतं, तर मी सामाजिक विषयांचे चित्रपट आवडतात असं सांगितलं असतं. त्या 17 मध्ये कौटुंबिक चित्रपट होते, दोन रहस्यपट होते, एक विनोदी होता. विषय कुठेच जुळत नव्हता. पण 11 नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: माणूस कोलमडतो तेव्हा त्याचा चेहरा किंवा आवाज आपल्यापासून काढून घेतलेला असतो. पाठ दिसते. दार लागतं. गाडीच्या आवाजात वाक्य बुडतं. यातले तीन चित्रपट एकूण मला आवडलेही नव्हते. तारे देत राहिले असते, तर हे तीन दोन ताऱ्यांच्या ढिगात पडले असते आणि माझ्या हाताला लागलेच नसते.

इथे थांबायचं नाही, कारण वहीत दिसलेला नमुना हा फक्त अंदाज असतो. तो तपासावा लागतो. मी पुढचे सहा चित्रपट मुद्दाम असे निवडले, ज्यांत कमी बोलणं आणि लांब शांतता आहे असं ऐकलं होतं. चारांत मी घड्याळ पाहिलं. म्हणजे शांतता मला आवडते हा अर्थ चुकीचा होता. पुन्हा त्या 11 नोंदींकडे गेले, तेव्हा लक्षात आलं की त्यांतली बहुतेक माणसं आधी भरपूर बोलणारी आहेत. सर्वजया घरातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणला आणि दुर्गाला सतत रागावत असते. तिचा आवाज आपल्या अंगवळणी पडलेला असतो, आणि नेमका तोच हिरावून घेतला जातो. मी तो टाहो स्वतः भरून काढू शकले, कारण तिचा आवाज मला ओळखीचा झाला होता. जिथे माणसं सुरुवातीपासूनच गप्प होती, तिथे माझ्यापाशी भरायला काही नव्हतं. ही दुरुस्ती मला कुठल्या पुस्तकातून मिळाली नसती, कारण ती माझ्याबद्दलची आहे.

वहीमुळे नुकसानही होऊ शकतं. तिसऱ्या महिन्यात मी चित्रपट चालू असतानाच वाक्यं जुळवू लागले. खूण सोपी आहे: एखादा प्रसंग संपायच्या आत त्याचं वर्णन डोक्यात तयार झालं, की आपण बघणं सोडून नोंद लिहायला लागलो आहोत. मी तेव्हा सलग पाच चित्रपट एकही ओळ न लिहिता पाहिले. दुसरी अडचण दुसऱ्यांच्या नजरेची. मी काही दिवस नोंदी मैत्रिणीला वाचायला देत होते आणि त्या काळातल्या पानांवर “कालवाकालव” एकदाही नाही. “चौकट” आणि “प्रकाशयोजना” आहे. तांत्रिक निरीक्षणं हवीतच, पण ती मी आता उजव्या पानावर लिहिते, अनुभव डाव्या पानावर, आणि डावं पान कुणाला दाखवत नाही.

एका आठवड्यानं मी प्रत्येक नोंदीखाली आणखी एक ओळ घालते: वर न बघता, काय उरलंय. पुष्कळदा पहिल्या रात्रीच्या क्षणाचा तिथे मागमूसही नसतो. एका चित्रपटाची पहिली नोंद भांडणाच्या प्रसंगावर दीड पान आहे. आठवड्यानंतरची ओळ अशी: “तिनं भांडणानंतर दोन्ही खुर्च्या आत सरकवल्या. रुखरुख.” तो चित्रपट मी अजून दुसऱ्यांदा पाहिलेला नाही. खुर्च्या खरंच दोन होत्या का, हे त्या वेळी बघायचं आहे.