उभ्या सीमचे पत्र्याचे छप्पर रेंडर करताना: नवोदितांसाठी काही अनुभव

पुण्यात बसून अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या घरांची बाह्यदृश्ये तयार करण्याचे काम मी गेली काही वर्षे करतो. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींची पहिली अडचण बहुधा छपराशीच होते. आपल्याकडे पत्र्याचे छप्पर म्हटले की नालीदार किंवा ट्रॅपेझॉइडल पत्रा, त्यावर ओळीने मारलेले स्क्रू आणि रबरी वॉशर डोळ्यांसमोर येतात. तिकडच्या आधुनिक घरांवर दिसणाऱ्या स्टँडिंग सीम छपराचे गणित निराळे असते. त्यात सपाट पत्र्याची लांबच लांब पॅनेल आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध उतरतात, शेजारच्या दोन पॅनेलांच्या कडा उभ्या वळवून एकमेकींत अडकवलेल्या असतात, आणि पत्रा धरून ठेवणाऱ्या क्लिपा त्या घडीच्या, म्हणजेच सीमच्या, आत दडलेल्या असल्याने पृष्ठभागावर एकही स्क्रू दिसत नाही. रेंडरमध्ये आडवा सांधा किंवा स्क्रूंची रांग दिसली, तर चित्र कितीही चकचकीत असले तरी जाणकार वास्तुविशारद ते पहिल्या नजरेतच परत पाठवतो.

अशा छपरात दोनच गोष्टी नजरेत भरतात: सीमची रेखीव रेघ आणि पत्र्याची तकाकी. बहुतेक नवशिके दोन्ही गोष्टी मटेरियलमध्ये शोधत बसतात. माझ्या मते रेघ भूमितीतून आणि उन्हातून येते, तकाकी कॅमेऱ्याच्या कोनातून आणि आकाशातून येते, आणि मटेरियलचा वाटा त्यानंतरचा असतो. हे एका साध्या उदाहरणाने दाखवतो.

एकमजली, दोन पाख्यांचे घर घेऊ. वळचणीची लांबी ५० फूट, वळचणीची उंची ३ मीटर, आणि छपराचा उतार ४:१२, म्हणजे १२ इंच आडवे गेल्यावर ४ इंच चढ, अंशांत सांगायचे तर सुमारे १८. पॅनेल १६ इंची, म्हणजे साधारण ४०६ मिलिमीटर रुंद. सीम दीड इंच उंच, म्हणजे ३८ मिलिमीटर, आणि जाडीला सुमारे १२ मिलिमीटर. ही मापे तिकडे नेहमीची आहेत. आता ५० फूट म्हणजे ६०० इंच, आणि त्याला १६ ने पूर्ण भाग जात नाही. मांडणी मध्यापासून करायची. मध्यरेषेवर पॅनेल ठेवले तर ३७ पूर्ण पॅनेल बसतात आणि दोन्ही टोकांना ४-४ इंचांच्या चिंधोट्या उरतात. मध्यरेषेवर सीम ठेवली तर ३६ पूर्ण पॅनेल आणि दोन्ही टोकांना १२-१२ इंचांचे तुकडे येतात. चांगला कारागीर दुसरी मांडणी निवडतो, म्हणून आपणही तीच निवडावी. ब्लेंडरमध्ये एक सीम तयार करून `Array` मॉडिफायरने ४०६.४ मिलिमीटर अंतरावर ३७ वेळा उमटवली की काम झाले. एका कडेपासून सुरुवात करून शेवटच्या कडेला जे उरेल ते उरू देणे ही सवय छपराचे चित्र खोटे पाडते, कारण त्रिकोणी भिंतीच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत.

सीम स्वतंत्र भूमितीने करण्याऐवजी नॉर्मल मॅपने का भागवू नये, हा प्रश्न प्रत्येक नवा सहकारी विचारतो. नॉर्मल मॅप पृष्ठभागाचा कल बदलल्याचा भास निर्माण करतो, परंतु तो काहीही झाकू शकत नाही. छपराच्या बाबतीत झाकणे हीच मोठी गोष्ट असते. डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे १.६ मीटरवर, आणि घरापासून १५ मीटरवर कॅमेरा ठेवला तर समोरचे पाखे आपल्याला अवघ्या १३ अंशांच्या कोनातून, जवळजवळ कडेवरून दिसते. (याच घराच्या ४ मीटरहून जवळ गेलात तर ते पाखे दिसतच नाही, कॅमेरा लावण्यापूर्वी एवढा हिशेब करून ठेवावा.) घराच्या कोपऱ्याकडून, सीमशी ४५ अंशांचा कोन करून तिरके पाहिले, तर हा कोन आणखी घटून ९ अंशांवर येतो आणि ३८ मिलिमीटर उंचीची प्रत्येक सीम आपल्यामागच्या पॅनेलचा साधारण १६५ मिलिमीटर भाग झाकून टाकते. म्हणजे ४०६ पैकी सुमारे ४० टक्के पत्रा दिसेनासा होतो, आणि कॅमेऱ्यापासून तिरके जाऊ तसतशा सीम दाटत गेल्यासारख्या वाटतात. छायाचित्रात आपल्याला नकळत जाणवणारी हीच दाटी नॉर्मल मॅपच्या छपरात नसते, म्हणून ते छप्पर रेघा ओढलेल्या वहीच्या पानासारखे दिसते. ड्रोनच्या उंचीवरून, दूरच्या दृश्यासाठी नॉर्मल मॅप चालतो. डोळ्याच्या उंचीवर चालत नाही.

रेघ उठून दिसण्यासाठी ऊन सीमला आडवे पडले पाहिजे. ऊन सीमच्याच दिशेने, आढ्याकडून वळचणीकडे वाहत असेल, तर सावलीला रुंदीच उरत नाही आणि छप्पर सपाट होते. तेच ऊन बाजूने, छपराच्या पातळीशी ३० अंशांचा कोन करून आले, तर ३८ मिलिमीटरच्या सीमची सावली सुमारे ६६ मिलिमीटर पडते. ही सावली चित्रात किती मोठी दिसेल तेही पाहू. २४ मिलिमीटरची लेन्स आणि ३६ मिलिमीटरचा सेन्सर घेतला तर १५ मीटर अंतरावर २२.५ मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत बसते. चित्र ३८४० पिक्सेल रुंद असेल, तर एका मीटरला साधारण १७१ पिक्सेल मिळतात. म्हणजे सावलीला ११ पिक्सेल, सीमच्या उंचीला साडेसहा आणि सीमच्या जाडीला जेमतेम २ पिक्सेल. यावरून दोन गोष्टी कळतात. आपल्याला रेघ म्हणून जी दिसते ती मुख्यतः सावली असते, पत्र्याची धार नव्हे. आणि सीमच्या कडेला दीड मिलिमीटरचा `Bevel` देण्यात या दृश्यापुरता काही अर्थ नाही, कारण तो पाव पिक्सेलाएवढा होतो आणि उन्हात उगाच ठिणग्यांसारखे पांढरे ठिपके उठवतो. तो वळचणीच्या जवळच्या दृश्यासाठी राखून ठेवावा. तिथे मात्र तो नसेल तर पत्रा कागदासारखा वाटतो.

आता तकाकीकडे वळू. येथे एक छोटी भूमिती उपयोगी पडते. समोरच्या पाख्याकडे पाहताना नजर पत्र्यावरून उसळून मागे वळत नाही, तर पुढे, घराच्या पलीकडच्या आकाशाकडे जाते. छपराचा उतार दुप्पट करून त्यातून नजरेचा चढ वजा केला की आकाशातील नेमकी उंची मिळते. आपल्या घराच्या वळचणीपाशी नजर सुमारे ५ अंश चढते, म्हणून उत्तर साधारण ३१ अंश येते. आढ्यापाशी नजर साडेआठ अंश चढते, म्हणून २८ अंश. याचा अर्थ मधल्या भागात संपूर्ण छपरावर आकाशाचा केवळ ३ अंश उंचीचा पट्टा प्रतिबिंबित होत असतो, आणि तोही घराच्या मागचा. त्या पट्ट्यात एकसारखी निळाई असेल तर `Roughness` कितीही बदलली तरी पत्रा मेलेलाच दिसेल. म्हणून एचडीआरआय, म्हणजे दृश्याला उजेड देणारे आकाशाचे सर्व दिशांचे छायाचित्र, निवडताना मी क्षितिजापासून ३० अंशांच्या आसपासचा भाग आधी पाहतो. तिथे विरळ ढग किंवा उजेडाचा हळूहळू बदलणारा चढउतार असेल असे आकाश घेतो आणि तो भाग घराच्या मागे येईल असे फिरवतो. सूर्य मात्र बाजूला ठेवतो, नाही तर समोरची भिंत काळवंडते. आकाश आणि सूर्य वेगवेगळ्या दिशांना ठेवायचे असतील, तर सूर्य नसलेले आकाश घेऊन सूर्याचा दिवा निराळा लावणे सोयीचे पडते. दोन्हींच्या दिशा डोळ्याला खटकणार नाहीत एवढे पाहावे.

मटेरियलमध्ये पहिला निर्णय हा की पत्रा रंगवलेला आहे की उघडा. गॅल्व्हल्यूमचा, म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा, किंवा जस्ताचा उघडा पत्रा असेल तर `Metallic` १ ठेवावे. कारखान्यातून रंगाचा लेप देऊन आलेला पत्रा आतून पोलाद असला तरी प्रकाशाच्या दृष्टीने तो रंगच असतो, म्हणून `Metallic` ० आणि `Roughness` ०.३५ ते ०.५ च्या दरम्यान असावी. काळ्या छपराला `Metallic` १ देण्याची चूक फार आढळते. तसे केले की प्रतिबिंबही काळे होते आणि तकाकी निघून जाते. याउलट रंगाचा लेप नीट मांडला, तर सरळ वरून पाहताना तो सुमारे ४ टक्केच प्रकाश परावर्तित करतो, पण आपल्या १३ अंशांच्या कडेच्या नजरेत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणूनच डोळ्याच्या उंचीवरून काळे छप्पर राखाडी, चंदेरी झाक असलेले दिसते. ग्राहक हमखास विचारतो की, काळा रंग सांगितला होता, हा करडा कसा झाला? अशा वेळी मूळ रंग आणखी गडद करण्याऐवजी मी त्याला त्याच छपराचे वरून घेतलेले छोटे रेंडर पाठवतो, ज्यात छप्पर काळेच दिसते. बहुतेकदा तेवढे पुरते.

सपाट पत्र्यात थोडी लहर असतेच. तिकडे तिला ऑइल कॅनिंग म्हणतात आणि बांधकामात तो दोष समजला जातो. तरीही अजिबात लहर नसलेला पत्रा प्लास्टिकसारखा वाटतो. पॅनेलच्या लांबीच्या दिशेने ताणलेला `Noise Texture` अगदी कमी `Strength` च्या `Bump` मधून द्यावा. येथे हात फार आखडता ठेवावा, कारण पत्रा अर्धा अंश कलला की प्रतिबिंब एक अंश सरकते, आणि आपल्याकडे एकूण पट्टाच ३ अंशांचा आहे. विक्रीसाठीच्या चित्रात ही लहर शोधावी तेव्हाच सापडेल इतपत असावी.

शेवटी तपासणी. डीनॉइझर बारीक सीम खाऊन टाकतो, विशेषतः दूरच्या टोकाला, म्हणून तो बंद करून छपराचा एक तुकडा जास्त सॅम्पलवर रेंडर करून दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. सीम तुटक किंवा पुसट झाल्या असतील, तर डीनॉइझरच्या `Passes` मध्ये `Albedo and Normal` निवडलेले आहे का ते बघावे आणि सॅम्पल वाढवावेत. ग्राहकाला १९२० पिक्सेलचे चित्र हवे असेल, तर सीमची जाडी एका पिक्सेलवर येते आणि रेघा नागमोडी थरथरू लागतात. अशा वेळी मोठे रेंडर करून नंतर लहान करणे बरे. चित्र १०० टक्के आकारात पाहावे, पडद्यात बसवून नव्हे, कारण पडद्यावर लहान केलेल्या चित्रात दिसणारी मॉइरेची जाळी कित्येकदा मूळ चित्रात नसते. एवढे झाल्यावर मी आढ्याची टोपी, वळचणीला सीमचे दुमडलेले टोक आणि पन्हळ या तीन जागी मोठे करून बघतो. सीम आढ्याच्या टोपीतून आरपार बाहेर आली असेल तर ती येथेच सापडते.