क्रोशाचा व्ही-गळा: या चुका टाळा, म्हणजे उतार सरळ येईल आणि पट्टी उघडी पडणार नाही

व्ही-गळा बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच जागी. एक, तिरप्या कडेला पायऱ्या पडतात किंवा भोके राहतात. दोन, गळ्याची पट्टी छातीला न टेकता पुढे झुकून उभी राहते. दुसऱ्या दोषाचे मूळ पुष्कळदा पहिल्यात असते, म्हणून सुरुवात घटीपासून करू.

उदाहरणाला खांबात विणलेला साधा स्वेटर घेऊ. इथे खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन विणलेला टाका आणि मुका खांब म्हणजे वेढा न घेता विणलेला. ५ मिमीच्या सुईने विणलेल्या नमुन्यात १० सेंमीमध्ये १४ खांब आणि ८ ओळी बसतात. मुंढ्याची घट संपल्यावर पुढच्या भागात ५३ टाके उरले आहेत. गळा १८ सेंमी रुंद, म्हणजे २५ टाके, आणि २० सेंमी खोल, म्हणजे १६ ओळी. मधला २७वा टाका मोकळा सोडायचा. दोन्ही बाजूंना २६-२६ टाके राहतात, प्रत्येक बाजूला १२ टाके घटवायचे आणि खांद्याला १४ उरतात.

घटी एकाच टोकाला गोळा होणे

१२ घटी आणि १६ ओळी म्हटल्यावर पहिल्या १२ ओळींत घट उरकून शेवटच्या चार ओळी सरळ विणण्याचा मोह होतो. तसे केले की कड खाली झपाट्याने पसरते, वर एकदम उभी होते आणि तिथे कोपरा दिसतो. गळा व्हीसारखा न दिसता यू-सारखा दिसू लागतो. हिशेब चार ओळींचा ठेवा: तीन ओळींत एकेक घट, चौथी साधी. हा संच चार वेळा. प्रत्येक संचानंतर टाके मोजले तर २३, २०, १७, १४ असे उतरत गेले पाहिजेत. आकडा चुकला तर तिथेच उसवा. चार ओळी उसवणे सोपे आहे, गळा जोडून झाल्यावर ते जमत नाही.

कडेच्या टाक्यातच घट घेणे

कड बिघडण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच. कोणी ओळीच्या सुरुवातीला स्लिप स्टिचने एक टाका ओलांडतात, तिथे पायरी पडते. कोणी एक टाका सरळ सोडून देतात, तिथे भोक पडते. तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरल्या तर साखळी आणि पुढच्या खांबामध्ये फट राहते, आणि पट्टी विणताना ती आणखी ओढली जाते.

घट नेहमी कडेपासून एक टाका आत घ्या. ओळ गळ्याच्या बाजूने सुरू होत असेल तर दोन साखळ्या घ्या आणि त्या मोजू नका. पहिल्याच टाक्यात एक पूर्ण खांब विणा, मग पुढच्या दोन टाक्यांचा एक करा. ओळ गळ्याकडे संपत असेल तर शेवटचे तीन टाके उरेपर्यंत विणा, दोनाचा एक करा आणि शेवटच्यात पूर्ण खांब. साखळ्या टाका म्हणून धरलेल्या नाहीत, तेव्हा परतताना त्यांच्या डोक्यात खांब घालू नका. घालाल तर घटवलेला टाका परत येतो आणि "घट घेऊनही आकडा तोच कसा?" असे होते.

दोनाचा एक असा: वेढा घ्या, टाक्यात सुई घालून लोकर ओढा, दोन फासांतून काढा आणि थांबा. पुढच्या टाक्यात हेच करा. सुईवर तीन फास दिसतील, लोकर घेऊन तिन्हींतून एकदम काढा. मधला फास सैल राहिला तर घटीच्या पायाशी बारीक भोक दिसते, म्हणून दुसऱ्या टाक्यात जाण्याआधी लोकर हलकेच ताणून घ्या.

दुसरी बाजू सुरू करताना मधला टाका सोडून २८व्या टाक्यात नवी लोकर जोडा आणि तिथूनच, सुलट बाजूने, पहिली ओळ विणा. मुंढ्याकडून उलट बाजूने सुरुवात केली तर दोन अर्ध्यांच्या ओळींचा पोत जुळत नाही. सोडलेल्या मधल्या टाक्याला मार्कर लावून ठेवा, पट्टीच्या वेळी तो लागणार आहे.

पट्टीचे टाके अंदाजाने उचलणे

खांबाच्या प्रत्येक ओळीच्या कडेला दोन मुके खांब, हा नियम सरळ कडेला चालतो. व्हीची कड मात्र तिरपी असते आणि सहज ताणली जाते, म्हणून तिथे पट्टी किंचित आखूडच हवी. आधी खांदे जोडा, कपडा ओला करून मापात वाळवा आणि मग उतार मोजा. खोली २० आणि अर्धी रुंदी ९ असली तर उतार साधारण २२ सेंमी भरतो. ४.५ मिमीच्या सुईने मुक्या खांबाचे १० सेंमीमध्ये १५ टाके बसत असतील तर २२ सेंमीला ३३ येतात. त्यातले सुमारे एक दशांश कमी करून ३० घ्या. १६ ओळींत दोन-दोन म्हणजे ३२ होतात, म्हणून सहाव्या आणि अकराव्या ओळीत एकेकच उचला. दुसऱ्या बाजूलाही त्याच ओळी. मागच्या गळ्यावर २५ आणि मध्ये १ धरून पहिल्या फेरीत ८६ टाके होतात.

टाके जास्त झाले तर कड लाटांसारखी हलते आणि पुढे झुकते. कमी झाले तर उतार चुण्या पडून वर ओढला जातो. झुकलेली पट्टी आणखी बारीक सुईने विणून आवरू नका. तिने पट्टी कडक होते, टाक्यांची संख्या तीच राहते. टाके उचलताना सुई खांबाच्या बाजूच्या मोठ्या फटीत घालू नका, कडेच्या खांबाचेच दोन धागे उचला. कडेला पूर्ण खांब ठेवला तो यासाठीच.

टोकाशी पुरेशी घट न घेणे

पट्टीची प्रत्येक फेरी गळ्याच्या आत सरकते, म्हणून टोकाशी टाके कमी व्हायलाच हवेत. मधला टाका आणि त्याच्या दोन्ही शेजारचे मिळून तिनाचा एक करा आणि त्या नव्या टाक्यात मार्कर हलवा. मार्कर एक टाका जरी सरकला तरी टोक एका बाजूला कलते, आणि तीन फेऱ्यांनंतर ते लपत नाही. फेऱ्या ८६, ८४, ८२ अशा जातात.

गळा जितका खोल आणि अरुंद, तितकी ही घट अपुरी पडते. दुसऱ्या फेरीनंतर कपडा सपाट ठेवून टोक बोटाने दाबा. तिथे फुगा राहत असेल तर ती फेरी उसवा आणि तिनाच्या एकाच्या लगेच आधी आणि लगेच नंतर दोनाचा एक घ्या, म्हणजे फेरीत चार टाके कमी होतील. उलट टोक आत ओढून चुण्या पडत असतील तर एक फेरी टोकाशी घट न घेता विणा.

८२ टाक्यांचा गळा आतून साधारण ५५ सेंमी भरतो. मोठ्या माणसाचे डोके त्यातून जायला पट्टी थोडी ताणली गेली पाहिजे. प्रत्येक फेरीत चार घटी घेतल्या तर ७८ टाके, म्हणजे ५२ सेंमीच उरतात, म्हणून लोकर तोडण्याआधी स्वेटर डोक्यातून घालून पाहा. शेवटी घट्ट स्लिप स्टिचची फेरी घालायची असेल तर ती ५ मिमीच्या सुईने सैल विणा.