या चुका टाळा: दहावीतले जोडलेले घनाकार आणि पायरीपायरीने जाणारे गुण

प्री-बोर्ड झाली की आमच्या रामबाग वस्तीतल्या आणि आसपासच्या मराठी घरांतली मुलं उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे येतात. शाळा वेगवेगळ्या, कुणाचं माध्यम हिंदी तर कुणाचं इंग्रजी, पण पृष्ठफळ-घनफळाच्या पाच गुणांच्या प्रश्नात लाल शाई त्याच दोन-तीन जागी असते. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. गडबड होते ती दोन आकार एकमेकांना चिकटले किंवा एकातून दुसरा कोरून काढला की.

सर्वांत जास्त गुण खाणारी चूक आधी सांगतो, कारण ती हुशार मुलंही करतात.

माझ्या वर्गातल्या चाचणीत मी हे गणित दिलं होतं: लाकडाचा भरीव सिलिंडर, त्रिज्या 7 सेमी, उंची 20 सेमी. दोन्ही टोकांना त्याच त्रिज्येचा एकेक अर्धगोल कोरून काढला आहे. उरलेल्या वस्तूचं एकूण पृष्ठफळ काढा. एका मुलाने सिलिंडरच्या एकूण पृष्ठफळातून दोन अर्धगोलांचं वक्रपृष्ठफळ वजा केलं, म्हणजे 1188 − 616, आणि उत्तर लिहिलं 572 चौसेमी. आकडेमोड स्वच्छ, अक्षर सुंदर, उत्तर चूक. मी विचारलं, वजा का केलंस? तो म्हणाला, "सर, लाकूड काढून टाकलंय ना, मग वजाच होणार."

मी स्वयंपाकघरातून एक मोठा बटाटा मागवला. दोन्ही टोकं सपाट कापली, बाजू तासून सिलिंडर केला आणि चमच्याने दोन्हीकडून खड्डा कोरला. त्याच्या हातात देऊन म्हटलं, "आता याला सगळीकडून रंग लावायचाय. ब्रश कुठे कुठे फिरेल, बोटाने दाखव." त्याने बाहेरच्या भिंतीवरून बोट फिरवलं, मग ते खड्ड्यात गेलं, आणि तो थांबला. "सर, आतही लावायला लागेल." मग दुसऱ्या खड्ड्यात बोट घातलं आणि स्वतःच म्हणाला, "आणि वरचा सपाट गोल तर राहिलाच नाही."

एवढंच समजायचं असतं. कोरल्यावर आतला पदार्थ जातो, म्हणून घनफळ वजा होतं. पृष्ठभागाचा हिशोब वेगळा आहे. टोकाचं सपाट वर्तुळ जातं, πr² म्हणजे 154 चौसेमी, आणि त्याच्या जागी वाटीसारखा आतला भाग उघडा पडतो, 2πr² म्हणजे 308. प्रत्येक खड्ड्यामागे पृष्ठफळ 154 ने वाढतं. म्हणून या वस्तूचं पृष्ठफळ असं येतं:

बाहेरची भिंत = 2πrh = 2 × 22/7 × 7 × 20 = 880
दोन खड्डे = 2 × 2πr² = 2 × 308 = 616
एकूण = 1496 चौसेमी

दुसऱ्या वाटेने ताळा करा. भरीव सिलिंडरचे 1188, त्यातून गेलेली दोन वर्तुळं 308, आले दोन खड्डे 616. पुन्हा 1496. आणि त्या मुलाचं 572 चूक आहे हे आकडेमोड न तपासताही कळायला हवं होतं, कारण नुसती बाहेरची भिंतच 880 आहे. अख्खी वस्तू तिच्या एका भागापेक्षा लहान कशी असेल? उत्तराखाली रेघ मारण्याआधी प्रत्येक भाग एकूणापेक्षा लहान आहे ना, हे बघायला अर्धं मिनिटही लागत नाही.

याच चाचणीत एका मुलीनेही हीच चूक केली होती. तिला पाचपैकी 3 मिळाले, त्याला अर्धा. त्याची आई विचारायला आली, "सर, दोघांचं उत्तर 572 च आहे, मग असं का?" मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. मुलीने 'सिलिंडरचं वक्रपृष्ठफळ' असं लिहून 880 काढले होते. खाली 'एका अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ' लिहून 308, मग दोनाचे 616. हे दोन्ही भाग बरोबर होते, आकृतीसह त्यांचे दीड-दीड गुण तिचेच. मग 880 मध्ये दोन्ही सपाट टोकांचे 308 मिळवून तिने 616 वजा केले. भाग जोडण्याचा संबंध चुकला, त्याचे आणि त्यावरून आलेल्या उत्तराचे मिळून दोन गुण गेले. मुलाने मात्र एकाच ओळीत 2πr(r + h) − 4πr² लिहून पुढच्या ओळीत थेट 572 लिहिलं होतं. त्या ओळीत गुण द्यायला मला काहीच सुटं सापडलं नाही. अर्धा दिला तो आकृतीचा.

सीबीएसई परीक्षेनंतर गुणदानाची जी योजना प्रसिद्ध करते, ती उघडून बघा. प्रत्येक पायरीसमोर अर्धा किंवा एक गुण लिहिलेला असतो. तपासणाऱ्यांना अशी सूचनाही असते की एका चुकीचा परिणाम पुढच्या ओळींत वाहत गेला तर गुण एकदाच कापायचे. या सूचनेचा फायदा पायऱ्या लिहिणाऱ्यालाच मिळतो. जी पायरी कागदावर नाही तिला कोण गुण देणार?

माझी सवय सांगतो, मुलांकडूनही तीच करून घेतो. सूत्राच्या आधी शब्दांत एक ओळ लिहायची: 'एकूण पृष्ठफळ = सिलिंडरची बाहेरची भिंत + दोन खड्डे'. शाळेत हिंदीतून लिहीत असाल तर हिंदीतून, इंग्रजीतून असाल तर इंग्रजीतून, पण शब्दांत. ही ओळ लिहिताना बोट आकृतीवरून फिरतं आणि बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात. वेळ नसतो असं म्हणणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. ती ओळ लिहायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ नंतर खाडाखोडीत जातो.

चिकटलेल्या आकारांची चूक याच घरातली आहे. 12 सेमी बाजूच्या घनावर 7 सेमी व्यासाचा अर्धगोल बसवला आहे. घनाचे 6a² = 864. अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ 77. मुलं बेरीज करतात, 941. काही जण अर्धगोलाचा सपाट तळही धरतात आणि 979.5 लिहितात. पण अर्धगोल जिथे बसला आहे तिथला 38.5 चौसेमीचा गोल आता झाकला गेला आहे, त्याला हवा लागत नाही. घनाचा तो भाग वजा करायचा आणि अर्धगोलाचा सपाट तळ मुळीच धरायचा नाही: 864 − 38.5 + 77 = 902.5 चौसेमी.

इथे शॉर्टकटवाले हजर होतात. मोबाईलवर पाहून आलेली मुलं म्हणतात, "सर, सरळ 6a² + πr²." अर्धगोलासाठी ते बरोबरच आहे. पण मग प्रश्नात अर्धगोलाऐवजी शंकू येतो आणि तीच मुलं पुन्हा 6a² + πr² लिहितात. शंकूसाठी 6a² − πr² + πrl येतं, आणि तिरकी उंची l काढल्याशिवाय ते पुढे सरकतच नाही. झाकलेला भाग वजा आणि नवा उघडा भाग अधिक, हा विचार ज्याने केला त्याला दोन्ही गणितं सारखीच. नुसतं सूत्र पाठ केलेल्याला दुसरं गणित नवं वाटतं. शॉर्टकटने उत्तर बरोबर आलं तरी मधल्या पायऱ्या कागदावर नसतात, हे वेगळंच.

आता उंची. अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं, त्रिज्या 7 सेमी, एकूण उंची 31 सेमी. मुलं h = 31 धरून l काढायला बसतात आणि √(49 + 961), म्हणजे √1010 पाशी अडकतात. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, म्हणून भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढत पान भरतं. ही अडचण म्हणजे खूण आहे. वर्गमूळ नीट सुटत नसेल आणि प्रश्नात त्याची किंमतही दिलेली नसेल, तर पुढे जाण्याआधी उंची पुन्हा वाचा. एकूण उंचीत अर्धगोलाची उंचीही धरलेली आहे, आणि ती त्याच्या त्रिज्येएवढी असते. शंकूची उंची 31 − 7 = 24. मग l = √(49 + 576) = √625 = 25.

पृष्ठफळ = πrl + 2πr² = πr(l + 2r) = 22/7 × 7 × (25 + 14) = 22 × 39 = 858 चौसेमी

इथे πr सामाईक काढला आहे तो मला मान्य असलेला एकमेव शॉर्टकट, कारण त्यात कुठलीच पायरी लपत नाही आणि आकडेमोड निम्मी होते. '31 − 7 = 24' ही ओळ मात्र वेगळी लिहा, आकृतीच्या कोपऱ्यात नाही. आणि आकृतीत 31, 24, 7 हे तिन्ही आकडे बाणासह दाखवा. दोन्ही टोकांना अर्धगोल असलेल्या कॅप्सूलमध्ये एकूण लांबीतून त्रिज्या दोनदा जाते: लांबी 34, त्रिज्या 7, तर सिलिंडर 20.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्रश्नात व्यास दिला असेल तर पहिल्याच ओळीत r लिहून मोकळे व्हा. तंबूच्या कापडात जमीन येत नाही, म्हणून फक्त भिंत आणि वरचा शंकू. π ची किंमत दिलेली नसेल तर 22/7 घ्या, आणि प्रश्नात 3.14 दिली असेल तर हट्टाने 22/7 घेऊ नका. सेंटिमीटर आणि मीटर एकाच गणितात असतील तर सूत्रात घालण्याआधीच एक करा. नंतर बदलायला गेलात की 1 चौमीटर म्हणजे 10,000 चौसेमी हे विसरून 100 ने भागलं जातं.

शेवटी घनफळ. त्याच खेळण्याचं घनफळ विचारलं तर झाकलेल्या वर्तुळाचा प्रश्नच नाही, दोन्ही भाग सरळ मिळवायचे. शंकूचे 1/3 × 22/7 × 49 × 24 = 1232, अर्धगोलाचे 2/3 × 22/7 × 343 = 2156/3. हा दुसरा आकडा तसाच अपूर्णांकात ठेवा. मुलं इथेच 718 किंवा 719 करून टाकतात आणि शेवटी उत्तर 1950 किंवा 1951 येतं. बेरीज आधी करा, (3696 + 2156)/3 = 5852/3, आणि भागाकार अगदी शेवटी: 1950.67 घसेमी. एकक लिहिताना घन की चौरस हे बघा, कारण पृष्ठफळाचा प्रश्न आधी सोडवला असेल तर हात सवयीने चौसेमीच लिहितो.