पगार एकदाच मोजा

छोट्या संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकात हमखास होणारी गफलत म्हणजे समन्वयकाचा पगार ‘पगार’ या शीर्षाखाली येतो आणि ‘कार्यक्रम’ खर्चातही पुन्हा धरला जातो. म्हणून पगार, भाडे, कार्यक्रम, प्रशासन या चार आडव्या ओळी ठेवा. कार्यक्रमाच्या ओळीत फक्त साहित्य, प्रवास, प्रशिक्षण असा थेट खर्च येईल. प्रशासनात लेखापरीक्षण, फोन, छपाई. शेजारी दोन उभे रकाने करा: उपक्रमासाठी आणि कार्यालयासाठी. समन्वयकाचा मासिक पगार 30,000 असेल, तर वर्षाचे 3,60,000. त्याचा 70 टक्के वेळ उपक्रमात जात असेल, तर 2,52,000 पहिल्या रकान्यात, 1,08,000 दुसऱ्यात. भाडे मात्र वापरातल्या जागेनुसार वाटा. दोन्ही रकान्यांची बेरीज ओळीच्या एकूण रकमेशी जुळली नाही, तर काहीतरी दोनदा धरलंय किंवा सुटलंय.