प्रबंधात गीता-ज्ञानेश्वरीचा संदर्भ देताय? या चुका टाळा

गीतेचा श्लोक क्रमांक द्यायला काय डोकं लागतं, अध्याय आणि श्लोक लिहिला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. आणि बाकी १७ अध्यायांत ते बऱ्यापैकी चालूनही जातं. गडबड होते ती तेराव्या अध्यायात.

काही प्रतींमध्ये या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्न छापलेला असतो, "प्रकृतिं पुरुषं चैव क्षेत्रं क्षेत्रज्ञमेव च". हा श्लोक सगळ्या प्रतींत नाही, आणि शंकराचार्यांचं त्यावर भाष्य नाही. ज्या प्रतीत तो क्रमांक देऊन छापलाय तिथे अध्याय ३५ श्लोकांचा होतो आणि गीता ७०१ श्लोकांची, ज्यात नाही तिथे ३४ आणि ७००. म्हणजे हा एक श्लोक आला की त्यापुढचा अख्खा अध्याय एका आकड्याने पुढे सरकतो.

आता हे प्रबंधात कसं अंगाशी येतं बघा. समजा विषय आहे ज्ञानेश्वरीतली अहिंसा. मूळ श्लोक "अमानित्वमदम्भित्वमहिंसा क्षान्तिरार्जवम्", ज्यावर ज्ञानदेवांनी एकेक शब्द घेऊन भरपूर विस्तार केलाय. दुसरं प्रकरण लिहिताना गीताप्रेसची प्रत समोर होती, तिच्यात हा श्लोक १३.७ आहे, तसं लिहिलं. चौथं प्रकरण लिहिताना भाष्य एका वेबसाइटवरून घेतलं, तिथे अर्जुनाचा प्रश्न १३.१ धरलाय, त्यामुळे तोच श्लोक १३.८ झाला, तेही तसंच उतरवलं. परीक्षक गीताप्रेसची प्रत उघडून १३.८ बघणार आणि तिथे त्यांना सापडणार "इन्द्रियार्थेषु वैराग्यम्"! अहिंसेचा पत्ताच नाही. मग बाकीच्या संदर्भांवरही त्यांचा विश्वास राहत नाही, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही.

आपल्या प्रतीत काय आहे हे बघायला मिनिटभर पुरतं. तेराव्याचा शेवटचा श्लोक काढा, "क्षेत्रक्षेत्रज्ञयोरेवम्", आणि त्याचा आकडा बघा. ३४ असेल तर प्रश्नाचा श्लोक मोजलेला नाही, ३५ असेल तर मोजलाय. मग एकच मोजणी ठरवायची, प्रस्तावनेत किंवा संक्षेपांच्या यादीत एका वाक्यात सांगायची ("तेराव्या अध्यायात ३४ श्लोकांची मोजणी धरली आहे") आणि दुसऱ्या मोजणीचं पुस्तक वापरलं की तळटीपेत दोन्ही आकडे द्यायचे: गीता १३.७ (भाष्याच्या वापरलेल्या आवृत्तीत १३.८). भाष्याचा आकडा गुपचूप बदलून आपल्या मोजणीत बसवू नका प्लीज, कारण वाचणारा ते भाष्य उघडेल तेव्हा त्याला त्या पुस्तकातला आकडा लागणार आहे.

चिकित्सित आवृत्ती वापरत असाल, म्हणजे पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची, तर तिच्यात गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० या अध्यायांत येते, त्यामुळे गीतेचा तेरावा तिथे ६.३५ होतो. जुन्या प्रचलित महाभारतात गीता २५व्या अध्यायापासून सुरू होते, तिथे तोच ६.३७. म्हणून नुसतं "महाभारत, भीष्मपर्व ३५" लिहून सोडून दिलं तर कुठली आवृत्ती ते कळायला मार्गच नसतो.

आता ज्ञानेश्वरी. इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे श्लोकाचा आकडा ओवीचा म्हणून देणं. "ज्ञाने. १३.७" असं लिहिलेलं असतं आणि ओवी असते त्या श्लोकाखालची, आकड्याने शेकड्यांत कुठेतरी. वाचणारा तेराव्या अध्यायाची सातवी ओवी काढतो, जिचा याच्याशी काही संबंध नसतो. ओवीचा आकडा हा अध्यायाच्या सुरुवातीपासून मोजलेला आकडा, श्लोकाचा वेगळा, दोन्ही द्यायचे असतील तर शब्दांत लिहा: गीता १३.७ वरील ओवी अमुक ते तमुक.

दुसरं, ओव्यांची संख्या सगळीकडे सारखी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, पुढे वारकरी परंपरेत तीच चालली, साखरे महाराजांच्या प्रतीसारख्या आवृत्त्या त्या परंपरेतल्या. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत वेगळ्या हस्तलिखितावरची, तिच्यात काही ओव्या नाहीत, भाषेची रूपंही जुनी. साखरे प्रतीतला आकडा घेऊन राजवाडे प्रतीत ओवी शोधायला गेलात की ती पुढेमागे कुठेतरी निघते किंवा निघतच नाही. भाषेवर काम असेल तर हा प्रश्न नुसत्या आकड्यापुरताही राहत नाही, कारण जुनं म्हणून दाखवलेलं रूप नंतरच्या प्रतीतलं असू शकतं. म्हणून पहिल्याच तळटीपेत संपादक, प्रकाशक, गाव, साल द्या, आणि प्रत्येक ओवीच्या आकड्यासोबत तिचे पहिले दोन-तीन शब्दही द्या. आकडा चुकला तरी शब्दांवरून कुठल्याही प्रतीत ओवी सापडते, श्लोकालाही हेच करा. दोन सेकंदांचं काम आहे पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाची सवय हीच.

अनुवादाबद्दल लोक फारच ढिले असतात. मराठी वाक्य अवतरणात टाकायचं आणि खाली "गीता २.४७" लिहायचं. पण ते मराठी व्यासांचं नाही ना, कुणीतरी केलेलं आहे! विनोबांची गीताई समश्लोकी आहे, टिळकांनी गीतारहस्यात गद्य भाषांतर दिलंय आणि त्यामागे त्यांचा कर्मयोगाचा अर्थ उभा आहे, त्यामुळे "कर्मण्येवाधिकारस्ते"चं मराठी कुणाचं घेतलं यावर तुमचा मुद्दाच बदलू शकतो. श्लोकाला गीतेचा क्रमांक द्या, मराठीला अनुवादकाचं नाव आणि पान. स्वतः केलं असेल तर "अनुवाद प्रस्तुत लेखकाचा" असं स्पष्ट लिहा, इंग्रजी भाषांतरावरून मराठी केलं असेल तर तेही. आणि साल लिहिताना गोंधळ नको. गीतारहस्य १९१५ चं, पण तुमच्या हातातली प्रत नंतरची असेल तर पानाचे आकडे त्या प्रतीचे आहेत, म्हणून दोन्ही सालं द्या, "१९१५, पुनर्मुद्रण अमुक".

तळटीप दिसायला साधारण अशी:

१. गीता १३.७ "अमानित्वमदम्भित्वम्"; अनुवाद: (आडनाव), (पुस्तक), (गाव: प्रकाशक, साल), पृ. —.
२. ज्ञाने. १३.(ओवी) "(पहिले शब्द)", (संपादक) प्रत.

पुढे प्रत तीच असेल तर नुसतं "गीता १३.१०" पुरे, प्रत बदलली की लगेच सांगायचं. शिकागो पद्धतीत धर्मग्रंथाचा संदर्भ शक्यतो तळटीपेतच देतात, एपीएच्या सातव्या आवृत्तीत मात्र वापरलेल्या आवृत्तीची नोंद संदर्भसूचीतही लागते. विद्यापीठाचा स्वतःचा नमुना असेल तर तोच शेवटचा शब्द, म्हणून गाइडना सुरुवातीलाच विचारून घ्या. पद्धत कुठलीही असो, वापरलेल्या छापील आवृत्त्यांची नोंद सूचीत ठेवलेली बरी, वाचणाऱ्याला ती लागतेच.

"तत्रैव" मात्र धर्मग्रंथांना वापरूच नका. मार्गदर्शकांनी मध्ये एक तळटीप वाढवायला सांगितली की "तत्रैव, १३.९" गीतेऐवजी भलत्याच पुस्तकाला चिकटतं आणि वर्ड ते तुम्हाला सांगत नाही. "गीता" हा एक शब्द दर वेळी टाइप करा. आधीच लिहून झालं असेल तर वर्डमध्ये Ctrl+F दाबून "तत्रैव" शोधा, एकेक ठिकाणी वरची टीप बघून ग्रंथाचं नाव घाला, आणि हे काम बाइंडिंगच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.