रानातला कॅमेरा पहाटेपर्यंत चालवायचा, तर सोलर किती लागतं?

शेततळ्यावर, विहिरीवर किंवा मोसंबीच्या बागेत कॅमेरा लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. दिवसभर मोबाइलवर चित्र झकास दिसतं आणि मध्यरात्र झाली की कॅमेरा ऑफलाइन. मोटारीची केबल जाते तीही नेमकी त्यानंतरच. शेतीच्या फीडरला वीज ८ तास, तीही पाळीपाळीने, त्यामुळे सोलरशिवाय गत्यंतर नाही. पण दुकानात "४० वॅटचं पॅनल, ७ एएचची बॅटरी, भागतंय" म्हणत जो संच गळ्यात मारतात, त्याचा हिशेब करून बघा. १२ व्होल्ट गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. कॅमेरा आणि फोरजी राउटर मिळून रात्री १५ वॅटच्या आसपास खातात. बॅटरी पार पिळली तरी साडेपाच तास. संध्याकाळी साडेसहाला ऊन गेलं, बाराला खेळ खलास. आणि रोज अशी पिळलेली लेड-ॲसिड बॅटरी वर्षभरही टिकत नाही.

म्हणून आधी लोड मोजा. सगळ्यांची गाडी इथेच अडते, कारण मोजायच्या ऐवजी वाचतात. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेलं असतं. तो ॲडॉप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा आकडा आहे, कॅमेरा किती घेतो याचा नाही. त्यावरून हिशेब केला तर गरजेच्या अडीचपट सामान विकत घ्याल. उलट भरदुपारी मीटर लावून "फक्त १० वॅट घेतो की" म्हणणारा रात्री फसतो. अंधार पडला की कॅमेऱ्याचे आयआर दिवे लागतात आणि त्याचं खाणं दुप्पट होतं. पांढरा दिवा लावून रंगीत चित्र देणारा कॅमेरा असेल तर त्याहून जास्त.

राउटरचं तर आणखी वेगळं. घरी, टॉवरजवळ तो शांत बसतो. रानात रेंजची एखादीच काडी असली की सिग्नल पोचवायला जोर लावतो आणि जास्त वीज घेतो. त्यामुळे घरच्या ओट्यावर घेतलेलं माप रानात चालत नाही. बॅटरी आणि सामानाच्या मध्ये जोडायचा डीसी वॅटमीटर मिळतो, तो घ्या. ट्रॅक्टरची चार्ज केलेली बॅटरी एक दिवसापुरती मागून आणा, कॅमेरा आणि राउटर जिथे बसवायचे तिथेच जोडा आणि पूर्ण २४ तास चालू ठेवा. मधे तासभर मोबाइलवर लाइव्ह चित्रही बघा, कारण तुम्ही एरवी बघणारच आहात. दुसऱ्या दिवशी मीटरवर वॅट-तासांचा जो आकडा दिसेल, तोच खरा. (ट्रॅक्टरची बॅटरी मोजण्यापुरतीच. ती सेल्फ मारायला बनवलेली असते. रोज खोलवर उतरवली तर लवकर मरते.)

उदाहरण अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेचं घेऊ. कॅमेरा दिवसा ४ वॅट, रात्री ८. राउटर सरासरी ६. बारा-बारा तास धरले तर कॅमेऱ्याचे १४४ आणि राउटरचे १४४, मिळून २८८. मीटर मात्र ३२० दाखवतो, कारण व्होल्टेज स्थिर ठेवणारा कन्व्हर्टरही आपला वाटा घेतो. पॅनलची वीज बॅटरीत बेतानं भरणाऱ्या चार्ज कंट्रोलरचं स्वतःचं खाणं धरून ३३० वॅट-तास रोज, असं पक्कं करू.

आता बॅटरी. नुसती एक रात्र धरून चालत नाही. झड लागली तर काय, हे बघायचं. तीन दिवस ऊन नाहीच असं धरलं तर ३३० गुणिले ३, म्हणजे ९९०. लिथियम फॉस्फेटची १२.८ व्होल्ट १०० एएचची बॅटरी १२८० वॅट-तासांची असते. तिच्यातले ८० टक्के वापरले तर १०२४ मिळतात. नेमकं बसतं. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर असेल तर १८०० मधले निम्मे, म्हणजे ९००. तीही चालेल, फक्त पाणी बघत राहा.

पॅनलसाठी इंटरनेटवरचे हिशेब डिसेंबर हा सर्वांत वाईट महिना धरतात. मराठवाड्यात डिसेंबरात लख्ख ऊन असतं. आपला वाईट काळ जुलै-ऑगस्ट. वर्षाची सरासरी दिवसाला पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी भरते, पावसाळ्यात ती चारच्या आसपास येते आणि झडीत दोनवर. उष्णता, धूळ, वायर, बॅटरी यांत जाणारं वजा करून ७० टक्केच हाती येतं असं धरा. १०० वॅटचं पॅनल झडीत १०० गुणिले २ गुणिले ०.७, म्हणजे १४० देईल. रोजची तूट १९०, पाच दिवसांत बॅटरी रिकामी. २०० वॅटचं पॅनल २८० देईल. तूट फक्त ५०, आणि तेवढ्याच बॅटरीवर झड पंधरवडाभर लांबली तरी कॅमेरा चालू. म्हणून माझं मत ठाम आहे: पैसे थोडे असतील तर आणखी बॅटरी नको, मोठं पॅनल घ्या.

इथे एक सापळा आहे. घराच्या छपरावरचं ३३० वॅटचं पॅनल कुणी स्वस्तात देतो. ते ३७ व्होल्टच्या आसपास चालतं. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो आणि ३३० मधले जेमतेम १२० वॅट हाती लागतात. तसलं पॅनल घ्यायचं तर एमपीपीटी कंट्रोलरच हवा. १८ व्होल्टवाल्या पॅनलला पीडब्ल्यूएम पुरतो, २० अँपिअरचा घ्या.

पॅनल दक्षिणेला, १५ अंश उतार, सावलीबाहेर. बॅटरीची पेटी पॅनलच्याच सावलीत, हवा खेळेल अशी.

इन्व्हर्टर मधे घालू नका. १२ चे २३० आणि २३० चे परत १२, हा द्राविडी प्राणायाम आहे, आणि रिकामा इन्व्हर्टरसुद्धा कॅमेऱ्याइतकी वीज खातो. बॅटरी, कंट्रोलर, १२ व्होल्टचा बक-बूस्ट कन्व्हर्टर, मग सामान. राउटर ९ व्होल्टचा असेल तर त्याला वेगळा कन्व्हर्टर.

कॅमेरा रोज नेमका तिन्हीसांजेला रीस्टार्ट होत असेल तर दोष बॅटरीचा नसतो. आयआर दिवे लागताच करंट वाढतो आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. अर्ध्या एमएमच्या तांब्याच्या वायरीवर ३० मीटर लांब कॅमेरा असेल तर ०.७ अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट वाटेतच जातं. दीड एमएमची वायर टाका, अर्ध्या व्होल्टवर येईल.

कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर पथदिव्याचा टायमर असतो. तो काढून २४ तास चालू ठेवा. लेड-ॲसिडसाठी लोड तोडण्याचं व्होल्टेज बहुतेक वेळा ११ च्या आसपास दिलेलं असतं. आपला लोड एवढा हलका की ११ व्होल्ट दिसेपर्यंत बॅटरीत काही उरत नाही. ते ११.८ करा. लिथियम असेल तर कंट्रोलरवर लिथियमचीच सेटिंग निवडा.

बसवल्यावर आठवडाभर पहाटे, ऊन पडायच्या आत, व्होल्टेज बघा. ट्युब्युलरवर १२.४ च्या वर असेल तर उत्तम. सलग तीन पहाटे १२.१ च्या खाली दिसलं तर आधी पॅनल पुसा, लिंबाची फांदी सावली टाकते का ते बघा, आणि तरी सुधारलं नाही तर आणखी एक १०० वॅटचं पॅनल समांतर जोडा. तेव्हा कंट्रोलर मात्र ३० अँपिअरचा लागेल.