बदलीच्या पत्रातल्या दोन तारखा

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत मी सपोर्ट टीममध्ये होते. डेटा टीममधल्या जागेसाठी अंतर्गत मुलाखत दिली आणि निवड झाली. माझ्या मॅनेजरनी एचआरला मेल केला, 'हँडओव्हर झाला की सोडायला माझी हरकत नाही.' मला वाटलं, झालं काम. त्या मेलमध्ये तारीखच नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पत्र आलं. त्यात नवं पद, नवे मॅनेजर, '१ जुलैपासून लागू' आणि 'हँडओव्हर एक महिना' एवढंच होतं. पण हा महिना १ जुलैच्या आधीचा की नंतरचा? मी न विचारता स्वीकारलं.

१ जुलैला सकाळी सिस्टीममध्ये माझे मॅनेजर बदलले आणि जुन्या टीमच्या तिकिटांचा ॲक्सेस गेला. जुने मॅनेजर मात्र महिनाभर माझ्यावरच विसंबून होते. आठवड्यानं मी दोन दिवसांची रजा टाकली, ती नव्या मॅनेजरांनी मंजूर केली आणि जुन्यांना पत्ताच नाही. नेमक्या त्याच दिवशी जुन्या टीमचा रात्री चालवायचा एक प्रोग्राम, म्हणजे जॉब, अडकला. टाइमशीटवर कोणता प्रोजेक्ट कोड टाकायचा, हेही कुणी सांगेना.

शेवटी दोन्ही मॅनेजरांना एकाच मेलमध्ये घेऊन मी एचआरकडे सुधारित पत्र मागितलं. त्यात असं आलं: बदली १ ऑगस्टपासून लागू, ३१ जुलैपर्यंत रिपोर्टिंग, रजा आणि टाइमशीट जुन्या टीमकडे, हँडओव्हर ३१ जुलैला संपेल, वाढवायचा तर दोन्ही मॅनेजरांची लेखी संमती लागेल. हे शेवटचं कलम मी हट्टानं घालून घेतलं. ते नसलं की 'अजून एक आठवडा थांब' असं म्हणत हँडओव्हर लांबतच जातो, आणि नव्या टीमचा धीर सुटतो.

आणखी एक गोष्ट पत्रात बघा: कंपनीचं नाव. बदली त्याच कंपनीत असेल तर सेवा अखंड राहते आणि रुजू झाल्याची मूळ तारीख बदलत नाही. पण ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीत जात असाल, तर कागदोपत्री अनेकदा राजीनामा आणि नवी नेमणूक होते. तेव्हा आधीची सेवा ग्रॅच्युइटीसाठी आणि शिल्लक रजेसाठी धरली जाणार, हे वाक्य पत्रात मागून घ्या. नवा प्रोबेशन काळ लावलाय का, तेही तिथेच कळतं.

राहिलेल्या दिवसांत मी नुसती कागदपत्रं लिहिली नाहीत. माझ्या जागी आलेल्या मुलाला शेवटचा आठवडा रात्रीचे जॉब स्वतः चालवायला दिले आणि मी शेजारी बसले. तिसऱ्या रात्री एक जॉब अडकला, तेव्हा पासवर्ड बदलायची पायरी मी लिहायचीच विसरले होते, हे कळलं. ती लिहिली. ३१ जुलैला जुन्या मॅनेजरांचा मेल आला: 'हँडओव्हर पूर्ण, माझ्याकडून काही बाकी नाही.' तो मी पत्राच्याच फोल्डरमध्ये ठेवला.